बैठक व्यवस्थेच्या कोड्यातली आरशातली जोडी

आज मी एकच कोडे घेणार आहे आणि ते शेवटपर्यंत सोडवणार आहे. बैठक व्यवस्थेच्या कोड्यांमध्ये चूक नेमकी कोठे शिरते, हे एखादे कोडे सावकाश उलगडताना जितके स्पष्ट दिसते तितके दहा कोडी भराभर सोडवताना दिसत नाही.

गोल टेबलाभोवती अनिल, बकुळ, चारू, दिनेश, ईशा आणि फिरोज हे सहा जण समान अंतरावर बसले आहेत. त्यांपैकी तिघांचे तोंड केंद्राकडे आहे आणि तिघांचे बाहेर, पण कोणाचे कोठे हे सांगितलेले नाही. अनिल आणि दिनेश यांच्या जागा एकमेकांच्या नेमक्या समोर आहेत. अनिलच्या डावीकडे दुसऱ्या जागी बकुळ आहे, तर दिनेशच्या लगत उजवीकडे ईशा आहे. चारू बकुळच्या शेजारी नाही. चारूच्या लगत डावीकडे अनिल आहे. बकुळ आणि चारू यांची तोंडे एकाच प्रकारे आहेत, म्हणजे दोघींचीही आत किंवा दोघींचीही बाहेर. प्रश्न असा की कोण कोठे बसले आहे.

‘समोर’ या शब्दाबद्दल आधी थोडे बोलतो, कारण तो फसवा आहे. येथे समोर म्हणजे व्यासाच्या दुसऱ्या टोकाची जागा. ते दोघे एकमेकांकडे पाहत आहेत असा त्याचा अर्थ होत नाही, कारण एखाद्याची पाठ केंद्राकडे असू शकते. म्हणूनच या अटीला तोंडाच्या दिशेशी काही देणेघेणे नाही. शेजारी असणे किंवा नसणे हेही तसेच आहे. डावे आणि उजवे मात्र पूर्णपणे तोंडावर अवलंबून आहेत. आत तोंड करून बसलेल्याची डावी बाजू वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला येते, आणि बाहेर तोंड करून बसलेल्याची डावी बाजू त्याच्या उलट दिशेला. अटी वाचताना त्यांच्या या दोन राशी वेगळ्या केल्या, की सुरुवात कोठून करायची हे आपोआप ठरते: दिशेवर अवलंबून नसलेल्या अटीपासून.

जागांना घड्याळाच्या दिशेने 1 ते 6 असे क्रमांक देऊ. टेबल गोल असल्यामुळे पहिल्या माणसाची जागा आपण आपल्या मर्जीने ठरवू शकतो; म्हणून अनिल 1 वर, आणि त्यामुळे दिनेश 4 वर. येथवर आपण काहीही गृहीत धरलेले नाही. पुढची अट मात्र फांद्या फोडते. अनिलचे तोंड आत असेल तर बकुळ 3 वर जाते आणि बाहेर असेल तर 5 वर. पुष्कळ जण या ठिकाणी सवयीने सर्वांना केंद्राकडे पाहायला लावतात आणि दुसरी फांदी कागदावर येतच नाही. ती लिहिलीच नाही तर ती खोडलीही जात नाही, आणि मग हाती आलेले उत्तर एकमेव आहे की नाही हे सांगण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

पहिली फांदी घेऊ: अनिल आत, बकुळ 3 वर. दिनेशच्या लगत उजवीकडे ईशा हवी. दिनेशचे तोंड आत असते तर ती जागा 3 झाली असती, पण तेथे बकुळ आहे. म्हणून दिनेशचे तोंड बाहेर आणि ईशा 5 वर. जागेच्या अटीवरून तोंडाची दिशा कळली, हे येथे ध्यानात घ्यावे. तर्क दोन्ही बाजूंनी चालतो. आता 2 आणि 6 या जागा चारू व फिरोज यांच्यासाठी उरल्या. चारू 2 वर बसली तर ती बकुळच्या शेजारी येते, म्हणून ती 6 वर आणि फिरोज 2 वर. नकारार्थी अट मी मुद्दाम इतका वेळ बाजूला ठेवली होती. अशी अट सुरुवातीला फारसे काही सांगत नाही. दोनच जागा उरल्या की ती एका फटक्यात निर्णय देते. चारू 6 वर असताना तिच्या लगत डावीकडे, म्हणजे 1 वर, अनिल असायचा तर तिचे तोंड आत हवे. मग बकुळचेही आत. अनिल, बकुळ, चारू हे तिघे आत झाले, म्हणून उरलेले तिघे बाहेर. सर्व अटी पाळल्या गेल्या.

उत्तर मिळाले म्हणून येथे थांबण्याचा मोह होतो, पण दुसरी फांदी अजून उघडी आहे. तीत अनिल बाहेर आणि बकुळ 5 वर. दिनेशचे तोंड बाहेर असते तर ईशाला 5 हवी होती, ती भरलेली आहे; म्हणून दिनेश आत आणि ईशा 3 वर. चारू 6 वर गेली तर बकुळच्या शेजारी येते, म्हणून ती 2 वर आणि फिरोज 6 वर. अनिल तिच्या डावीकडे हवा, म्हणून चारूचे तोंड बाहेर, आणि तसेच बकुळचेही. उरलेले तिघे आत. विसंगती कोठेच आली नाही. म्हणजे कोड्याला दोन उत्तरे आहेत.

हा योगायोग नाही, आणि माझ्या मते या प्रकारच्या कोड्यांमधली सर्वांत जाणून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. कोणत्याही योग्य मांडणीची आरशातली प्रतिमा घ्या, म्हणजे सगळा क्रम उलट्या दिशेने लावा. त्यामुळे प्रत्येकाचे डावे-उजवे बदलते. आता प्रत्येकाला जागच्या जागी पाठ फिरवून बसवा. डावे-उजवे पुन्हा बदलते आणि पूर्वीसारखे होते. शेजार आणि समोरची जागा या दोन्ही क्रियांत अबाधित राहतात, तोंडे सारखी असल्याची अटही टिकते. आत आणि बाहेर यांची मात्र अदलाबदल होते, पण तीन-तीन अशी समान वाटणी असल्यामुळे तीही खपून जाते. म्हणून अशा कोड्यांची उत्तरे नेहमी जोडीनेच येतात, आणि आणखी कितीही डाव्या-उजव्याच्या अटी घातल्या तरी जोडी फुटत नाही. ती फोडायला आत-बाहेर किंवा घड्याळाची दिशा थेट सांगणारे विधान लागते. ‘ईशाचे तोंड बाहेर आहे’ एवढे जोडले, की दुसरी फांदी खोडली जाते आणि पहिली एकटी उरते. चौघे आत व दोघे बाहेर अशी असमान वाटणी असती, तर तीही हे काम करू शकली असती, कारण मग आत-बाहेरची अदलाबदल चालली नसती.

सरळ रांगेत पहिल्या माणसाला मर्जीने बसवता येत नाही, कारण टोकाची जागा मधल्या जागेसारखी नसते. गोलात अनिलला एकदा बसवल्यावर 120 क्रम उरतात. रांगेत सहा जणांचे 720 होतात. पण टोके मदतही करतात: सगळे उत्तरेकडे पाहत असतील आणि कोणाच्या डावीकडे दुसऱ्या जागी कोणी आहे असे सांगितले असेल, तर तो माणूस डाव्या टोकाच्या पहिल्या दोन जागांवर असूच शकत नाही. काही जण उत्तरेकडे आणि काही दक्षिणेकडे पाहत असतील तर मात्र तीच जोडी पुन्हा भेटते. संपूर्ण रांग अर्धे वर्तुळ फिरवली, की उत्तर-दक्षिण बदलतात आणि प्रत्येकाचे डावे-उजवे तसेच राहते. त्यासाठी आरशाचीही गरज पडत नाही.