सुरूला पाइन समजलात तर

नमस्कार श्रोतेहो,

रेडिओवर फोटोंविषयी बोलायचं म्हणजे जरा पंचाईतच. पण ज्या तऱ्हेच्या फोटोंबद्दल मी बोलणार आहे, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहेत. खाली गावाचं नाव नाही, दुकानाची पाटी नाही, माणूसही नाही. नुसती झाडं, शेत आणि जमीन. एवढ्यावरून हा मुलूख उष्ण कटिबंधातला, वाळवंटी, समशीतोष्ण की उंच डोंगरावरचा अल्पाइन, हे ठरवायचं आहे.

आपली नजर आधी झाडावर जाते आणि फसगत तिथूनच सुरू होते. मिरामारचा किंवा केरीचा किनारा घ्या. पाठीमागे उंच, काळपट हिरव्या झाडांची रांग असते. गोव्याबाहेरच्या माणसाला हा फोटो दाखवलात तर तो बेधडक सांगेल की हे पाइन आहेत, म्हणजे देश थंड हवेचा. आपल्याला ठाऊक असतं की हे सुरू आहेत. सुरूच्या ज्या सुया वाटतात त्या खरं तर बारीक हिरव्या काड्या. त्यांना पेरं असतात. फोटोत पेरं दिसणार नाहीत, पण काड्या खाली लोंबतात म्हणून झाडाची कड धूसर दिसते. पाइनच्या सुया फांद्यांच्या टोकांना झुबक्यांनी येतात, त्यामुळे त्याची कड अधिक ठसठशीत असते.

फोटो लहान असला तर हा फरकही कळत नाही. मग नजर खाली आणायची. सुरूच्या पुढं, लाटांच्या बाजूला वाळूवर एक वेल लांबच लांब पसरलेला असतो. त्याचं पान जाड, टोकाशी दुभंगलेलं, आपट्याच्या पानासारखं, आणि फूल जांभळं, नरसाळ्याच्या आकाराचं. ही मर्यादवेल. जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर ती आढळते आणि गोठवणाऱ्या थंडीत टिकत नाही. वाळूवर ती दिसली की पाइनचा प्रश्न मिटला. सुरू माणसांनी आणून लावला, वारा अडावा आणि वाळू उडू नये म्हणून. मर्यादवेल आपली आपण आली. लावलेल्या झाडावरून माणसाची गरज नि हौस कळते. हवामान कळतं ते आपसूक उगवलेल्यावरून.

माडासारख्या दिसणाऱ्या झाडांची गोष्ट तीच. चीनकडचा, पंख्यासारख्या पानांचा एक पाम बर्फालाही दाद देत नाही. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, लोक तो बागेत हौसेनं लावतात. म्हणून नुसता पाम दिसला यावर काही ठरवू नका. नारळांनी लगडलेला माड मात्र भरवशाचा साक्षीदार आहे. त्याला वर्षभर ऊब लागते. खजूर वेगळा ओळखता येतो. माडाचं खोड बरंचसं गुळगुळीत, वळ्यांचं आणि बऱ्याचदा कललेलं असतं. खजुराच्या खोडावर जुन्या देठांचे खुंट राहतात आणि पानांना राखाडी झाक असते. त्याच्या बुडाशी हिरवे वाफे आणि वाफ्यांपलीकडे लगेच उघडी वाळू असेल, तर वाळवंट ओळखायला आणखी काही नको.

आता ऋतूचा घोळ. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये साग, मोई, सावर बोडके होतात. तसल्या झाडांचा फोटो पाहून कुणीही म्हणेल की युरोपातला हिवाळा आहे. अशा वेळी झाडं आणि जमीन यांची उलटापालट बघायची. इंग्लंड-आयर्लंडकडच्या हिवाळ्यात रुंद पानांची झाडं जवळपास सगळी एकदम उघडी पडतात, पण खालचं गवत हिरवंच राहतं, कारण पाऊस चालू असतो. गोव्याच्या उन्हाळ्यात जमीन पिवळी पडते, धूळ उडते, आणि बोडक्या सागाशेजारी आंबा, फणस, काजू हिरवेगार उभे असतात. तिथं थंडीनं पानं गळतात, इथं पाण्याच्या टंचाईनं. मधूनच एखादं मातीचं वारूळ दिसलं तर उष्ण कटिबंधाच्या बाजूनं मत पक्कं करायला हरकत नाही.

हीच पिवळी जमीन आणखी एका ठिकाणी चकवते, ती म्हणजे आपला सडा. मे महिन्यात जांभ्या दगडाचं ते पठार काळं-तांबडं, वाळक्या गवताचं, वाळवंटच वाटतं. पण वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारी ही जमीन आहे. दगडावर माती जेमतेम, म्हणून झाडं नाहीत. फोटोची कड तपासा. सडा जिथं उताराला लागतो तिथं माती खोल होते आणि पूर्ण उंचीची झाडं एकदम सुरू होतात. त्याखालच्या कुळागरात पोफळी, पोफळीवर चढलेली मिरी आणि खाली केळी अशी मजल्यांवर मजले रचलेली हिरवळ असेल. कोरड्या मुलखात झाडं एकमेकांपासून अंतर राखून उभी असतात, कारण प्रत्येकाला पाण्यासाठी लांबवर मुळं पसरावी लागतात.

सगळ्यात गोंधळात टाकतो तो लडाखचा फोटो. मागे बर्फाची शिखरं, मध्ये उघडे तपकिरी डोंगर, पुढं पॉप्लरची सरळ रांग आणि पिवळसर हिरवं शेत. शिखर पाहून कुणी अल्पाइन म्हणतं, पॉप्लर पाहून कुणी समशीतोष्ण. शेताची कड बघा. हिरवा रंग सुरीनं कापल्यासारखा संपतो आणि पुढल्या पावलावर दगडगोटे. पाटाचं पाणी पोचतं तिथवरच शेत आहे. पावसावर शेती होणाऱ्या मुलखात हिरवळ हळूहळू विरळ होते, अशी एका रेषेवर तुटत नाही. लेह ३५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथं पाऊस वर्षाला १०० मिलिमीटरच्या आगेमागे पडतो. म्हणजे वाळवंट, पण थंड. शेतातलं पीक बहुधा जव असतं, आणि बांधावर जर्दाळू. तिथं खजूर शोधू नका.

अल्पाइन पट्टा बर्फावरून ओळखायचा नसतो, बर्फ जानेवारीत सपाटीवरही पडतो. तो ओळखायचा झाडं कुठं संपतात त्यावरून. डोंगराच्या उतारावर वर वर जाताना झाडं खुजी होत जातात. भूर्ज वाकडातिकडा जमिनीलगत पसरतो, मग जुनिपरची झुडपं आणि त्यापुढं आखूड गवत, दगडांना चिकटलेल्या गादीसारख्या वनस्पती. आल्प्समध्ये ही रेषा साधारण २००० मीटरच्या आसपास असते, पश्चिम हिमालयात ३५०० च्या वर जाते. सह्याद्रीच्या माथ्यावरही कुरण दिसतं, पण तिथं झाडं अशी खुजी होत संपत नाहीत. कड्याखालच्या घळीत दाट सदाहरित रान उभं असतं. माती आणि वारा आडवे आले, थंडी नव्हे.

एक फोटो मात्र सोडून द्यायचा. हॉटेलच्या आवारातला, कापलेल्या हिरवळीचा, तलावाकाठी ओळीनं लावलेल्या पामांचा. तसलं आवार दुबईतही दिसेल आणि कळंगुटलाही. त्यात कुंपणापलीकडची पडीक जमीन दिसत असेल तरच काही बोलता येईल. ती दिसत नसेल तर फोटो बाजूला ठेवावा, ठोकून उत्तर देऊ नये.