स्पेसबारशेजारचं बटण

मंडळी, भुसावळच्या एका छापखान्यातला अनुभव सांगतो. तिथल्या ताईंना भाच्याने मॅकचा कीबोर्ड दिला होता. कॉम्प्युटर मात्र विंडोजचाच. लग्नपत्रिकेचा मजकूर आणि डिझाइन अशा दोन खिडक्यांमध्ये त्या दिवसभर ऑल्ट आणि टॅब दाबून ये-जा करतात. आता अंगठा जुन्याच जागी पडायचा आणि उघडलेल्या सगळ्या खिडक्यांचा पसारा पडदाभर मांडला जायचा, बोटं उचलली तरी जायचा नाही. "दादा, कीबोर्ड खराब आहे का हो?" असं त्यांनी मला विचारलं.

कीबोर्ड धडधाकट होता. आपल्या नेहमीच्या कीबोर्डवर स्पेसबारला लागून डावीकडे ऑल्ट असतं आणि त्याच्या पलीकडे विंडोजचं बटण. मॅकवर स्पेसबारला लागून कमांड असतं, पलीकडे ऑप्शन. कमांड दाबलं की विंडोजला ते विंडोजचं बटण वाटतं, ऑप्शन दाबलं की ऑल्ट. म्हणजे कामं तीच, जागा तेवढ्या उलट्या. खात्री करायची तर कमांड एकदाच दाबून सोडा. स्टार्ट मेनू उघडला तर दुखणं हेच.

उपाय म्हणून मी मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज टाकलं. ते फुकट मिळतं. त्यात `Keyboard Manager` चालू करून `Remap a key` उघडायचं आणि दोन ओळी भरायच्या. पहिलीत मूळ बटण `Win (Left)`, त्याच्या बदल्यात `Alt (Left)`. दुसरीत नेमकं उलट. घाईत पहिलीच ओळ भरून थांबलात तर डावीकडे दोन ऑल्ट होतात आणि विंडोजचं बटण नाहीसं होतं. पॉवरटॉईज तशी सूचना देतं, ती वाचा. उजवीकडची बटणं मी मुद्दाम तशीच ठेवली, कारण ताईंचा हात तिकडे जातच नाही.

मराठी-इंग्रजी बदलायला ताई विंडोज आणि स्पेस दाबतात. तेवढ्यासाठी आता बोट ऑप्शनवर न्यावं लागतं, हे त्यांच्याकडून चार-पाचदा करवून घेतलं.

यात एक अडचण मात्र राहते. पॉवरटॉईज कोणता कीबोर्ड कोणाचा हे ओळखत नाही, सगळ्यांनाच एक नियम लावतं. ताईंचा डेस्कटॉप, म्हणून निभावलं. तुमचा लॅपटॉप असेल तर त्याच्या स्वतःच्या कीबोर्डवरही ऑल्ट आणि विंडोज उलटे होतील. बाहेरचा कीबोर्ड काढला की `Keyboard Manager` बंद करायचं. शिवाय पॉवरटॉईज चालू असेल तोवरच बदल टिकतो. म्हणून कॉम्प्युटर सुरू होताना ते आपोआप सुरू होईल अशी खूण सेटिंगमध्ये करून ठेवा.

आणि दुसऱ्या कंपन्यांचे काही कीबोर्ड मॅक-विंडोज असा खटका घेऊनच येतात. तो असेल तर आधी विंडोजकडे सरकवा, बाकी काही करायची गरज नाही. खटकाही सरकवला आणि पॉवरटॉईजमध्येही अदलाबदल केली, तर दोन बदल एकमेकांना खोडतात आणि कमांड पुन्हा विंडोजचंच बटण होऊन बसतं.