कोपऱ्यात कोण बसलंय?

[दृश्य: अंधारी खोली. टीव्हीच्या उजेडात फक्त रिमोट धरलेला हात दिसतो.]

पडद्यावर एक खोली आहे. टेबलावर कंदील, आणि कंदिलाशी वाकून एक बाई पत्र वाचतेय. वाचता वाचता ती मान वर करते, उजवीकडच्या कोपऱ्याकडे बघते आणि थबकते. कोपऱ्यात काय आहे? या टीव्हीवर काहीच नाही. सपाट काळं.

[दृश्य: तोच प्रसंग, शेजारच्या मॉनिटरवर.]

आता हा मॉनिटर. फाइल तीच, क्षण तोच. कोपऱ्यात खुर्ची आहे आणि खुर्चीत काळ्या कोटातला एक म्हातारा बसलाय.

हा प्रसंग आम्हीच, टीव्हीवर अंधारातले तपशील का हरवतात ते दाखवण्यासाठी मुद्दाम चित्रित केला. त्यामुळे म्हातारा फाइलमध्ये नक्की कुठे आहे ते आम्हाला आकड्यांत ठाऊक आहे. कोटाच्या घड्या १९ ते २८ या पातळ्यांत आहेत.

[दृश्य: राखाडी छटांची पट्टी, खाली ० ते २५५ आकडे. १६ आणि २३५ वर खूण.]

हे आकडे कसले? ८ बिटांच्या चित्रात ० ते २५५ अशा पातळ्या असतात. पण व्हिडिओत काळा रंग ० वर नसतो, १६ वर असतो, आणि पांढरा २३५ वर. ही वहिवाट स्टुडिओतली. अ‍ॅनालॉग सिग्नल आकड्यांत उतरवताना तो काळ्याच्या थोडा खाली आणि पांढऱ्याच्या थोडा वर उसळायचा. ती उसळी कापली जाऊ नये म्हणून १९८२ च्या डिजिटल स्टुडिओ मानकात दोन्ही टोकांना मोकळी जागा सोडली. संगणकाला असल्या उसळीशी देणंघेणं नव्हतं. त्याचा काळा ० आणि पांढरा २५५. दोन घराणी, दोन काळे. आज लॅपटॉपची केबल टीव्हीला लावली की ही दोन घराणी एकाच तारेवर समोरासमोर येतात.

[दृश्य: रिमोट. ब्राइटनेसचा आकडा वाढत जातो.]

काही दिसेना की आपण आधी हेच करतो. ब्राइटनेस वाढवतो. बघा, कोपरा उजळला, पण सगळाच. काळ्याचा राखाडी झाला, म्हातारा मात्र आला नाही. कंदिलाच्या ज्योतीभोवतालचा अंधार उगाच धुरकट झाला. परत खाली घेऊ.

[दृश्य: चाचणी-चित्र. काळ्या पार्श्वभूमीवर लुकलुकणारे उभे पट्टे, १७ ते ३५.]

अंदाजाने फिरवण्यापेक्षा हे चित्र लावा. प्रत्येक पट्टा काळ्यापेक्षा एकेक पायरी उजळ आहे आणि लुकलुकतोय, म्हणजे डोळ्याला पटकन सापडतो. आमच्या टीव्हीवर पहिला दिसणारा पट्टा ३० चा. १७ ते २९ गायब. म्हाताऱ्याचा कोट १९ ते २८ होता. म्हणजे अख्खा माणूसच या खड्ड्यात पडलाय.

[दृश्य: उजळ टोकाचं चाचणी-चित्र.]

आता दुसरं टोक बघू, कारण निदान इथेच होतं. पांढऱ्याकडेही साधारण २१८ च्या पुढचे पट्टे एकमेकांत मिसळलेत. ब्राइटनेस नुसता कमी असता तर अंधाराकडचेच पट्टे गेले असते. दोन्ही टोकं एकदम कापली गेली, तर संशय पातळ्यांच्या गोंधळावर घ्यायचा. लॅपटॉप फाइलमधले १६ ते २३५ ताणून ० ते २५५ पाठवतोय आणि टीव्ही समजतोय की १६ पासूनच चित्र सुरू होतं. १६ आणि त्याखालचं सगळं त्याच्या लेखी काळं, आणि फाइलमधला २९ ताणल्यावर १५ च्या आसपास येतो, म्हणून तिथपर्यंतचं सगळं गेलं. गोंधळ उलटा असता, तर काळा राखाडी आणि चित्र फिकट दिसलं असतं, पण पट्टे सगळे हजर असते.

[दृश्य: टीव्हीचा मेनू, मग लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगचा मेनू.]

दुरुस्ती एका ओळीची: दोन्हीकडे एकच पातळी. कुठे `Limited` आणि `Full` लिहिलेलं असतं, कुठे नुसतं `Low` आणि `Normal`, कुठे `Low` आणि `High`. नावात न अडकता चाचणी-चित्रावर नजर ठेवा. `Auto` वर फार विसंबू नका. आमचा टीव्ही `Auto` वरच होता.

[दृश्य: पट्टे एकेक करून उगवतात. चार सेकंद निवेदन नाही.]

एक कबुली द्यायला हवी. हा व्हिडिओ तुम्ही तुमच्या पडद्यावर बघताय. तुमच्याकडेही हाच घोटाळा असेल, तर आत्ता उगवलेले पट्टे तुम्हाला दिसलेच नसतील. म्हणून त्यांच्याभोवती पांढरी चौकट काढली आहे.

[दृश्य: पट्ट्यांचा क्लोजअप.]

आता २१ पासून पुढचे पट्टे दिसताहेत. उरलेले चार मात्र ब्राइटनेसचेच. नाव ब्राइटनेस असलं तरी हे बटण मुळात काळ्याची पातळी ठरवतं. (काही टीव्हींवर ब्राइटनेस म्हणजे मागचा दिवा असतो आणि काळ्यासाठी वेगळी कळ. फिरवून बघा, समजेल.) खोलीत एरवी असतो तेवढाच उजेड ठेवा, डोळ्यांना काही मिनिटं द्या, आणि एकेक पायरी वर जा. १७ किंवा १८ चा पट्टा जेमतेम लुकलुकला की थांबा. त्यापुढे पार्श्वभूमी स्वतःच उजळू लागली तर एक पायरी मागे. आमचा थांबा १८ वर आला.

बीबीसीच्या अभियंत्यांनी घडवलेलं प्लूज नावाचं चाचणी-चित्र जाणकारांच्या आवडीचं. त्यात काळ्याहून काळा असाही एक पट्टा असतो आणि तो दिसेनासा व्हायला हवा. पण आमच्या लॅपटॉपचा प्लेयर १६ च्या खालचं कापूनच पाठवतो, तेव्हा तो पट्टा दिसेनासा झाला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. तो आलेलाच नसतो.

हे सगळं करण्याआधी डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद केलेला होता, हे सांगायचं राहिलं. ते चालू असेल तर टीव्ही गडद चित्र बघून स्वतःच पातळ्या हलवतो. ज्या फूटपट्टीने मोजायचं तीच ताणली जाते. दुकानात चमकण्यासाठी दिलेली ही सोय घरात आल्यावर आपोआप बंद का होत नाही, हे कोडं आम्हाला सुटलेलं नाही.

[दृश्य: बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा, मध्ये राखाडी चौकोन. कॅमेरा मागे जातो तसा चौकोन विरघळतो.]

आणि गॅमा, म्हणजे काळ्याकडून पांढऱ्याकडे जाताना मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा आकडा. एक काळी, एक पांढरी, अशा रेघा लांबून पाहिल्या की डोळ्याला अर्धा उजेड दिसतो. ० ते २५५ च्या मापात १८६ चा चौकोन त्यात मिसळला तर गॅमा २.२ च्या आसपास, १९१ चा मिसळला तर २.४. शार्पनेस काढून टाका आणि चित्र ताणलेलं नाही ना ते बघा, नाहीतर रेघाच खोटं बोलतात.

एवढ्याशा फरकाने काय होतं? निट हे पडद्याच्या उजेडाचं माप. पांढरा १०० निट धरला, तर मधल्या छटा २२ वरून १९ वर येतात. कळणारही नाही. पण कोटाची २४ पातळीची घडी ०.०७ निटवरून ०.०३५ वर येते, थेट निम्मी. दिवा लावून बघणाऱ्याला ती घडी गेली. आम्ही दिव्यासाठी २.२ ठेवला; पूर्ण अंधारात २.४ चालतो. रेघांच्या चाचणीने फक्त मध्य तपासला जातो, म्हणून गॅमा बदलल्यावर पट्ट्यांचं चित्र पुन्हा लावलं. १८ चा पट्टा जागेवर होता.

[दृश्य: मूळ प्रसंग, टीव्हीवर. कंदील, पत्र, कोपरा.]

कोपऱ्यात हलके चौकोनी ठोकळे दिसताहेत, ते फाइल आकुंचित करताना पडलेले. ते कुठल्याच बटणाने जाणार नाहीत, आणि ते लपवायला काळं पुन्हा खाली ओढलं तर कोटही जाईल. राहू द्या.

बाई मान वर करते.

[दृश्य: म्हाताऱ्याचे हात. निवेदन नाही.]