फोन स्वतःहून मेसेज का पाठवतो, आणि दोन सिमच्या फोनमध्ये तो कुठे अडकतो

नमस्कार श्रोतेहो.

नवा फोन घेतला, पैसे पाठवायचं ॲप त्यात टाकलं आणि उघडलं, की पडद्यावर एक ओळ येते. तुमच्या नंबरची पडताळणी करण्यासाठी एसएमएस पाठवत आहोत, नेहमीचे दर लागू. मग गोल चाक फिरत राहतं. बऱ्याच जणांचं काम अर्ध्या मिनिटात होतं. काहींचं मात्र पडताळणी अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा, असं म्हणत तिथेच थांबतं. असे अडकलेले फोन तुम्ही पाहिलेत, तर त्यात दोन सिम असलेले बरेच निघतील. आज बोलायचंय ते याच मेसेजबद्दल.

पहिला प्रश्न साहजिक आहे. बाकी सगळीकडे आपल्याला ओटीपी येतो, मग इथे उलट आपल्याच फोनने मेसेज का पाठवायचा? ओटीपीचं दुखणं असं, की तो ज्याला दिसतो त्याला तो दुसऱ्याला सांगता येतो. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या माणसाला लोक तो आकडा वाचून दाखवतात, हे आपण रोज ऐकतो. म्हणजे ओटीपी कळला एवढ्यावरून तुमचं सिम याच फोनमध्ये आहे, हे काही सिद्ध होत नाही. यूपीआय 2016 साली सुरू झालं, त्यात हीच फट बुजवायची होती. नंबर कोणता फोन वापरतोय, हे माणसाच्या तोंडून ऐकायचं नाही, मोबाइल कंपनीच्या जाळ्याकडून कळलं पाहिजे.

ते होतं असं. ॲप आपल्या सर्व्हरकडून एक सांकेतिक मजकूर घेतं. अक्षरं आणि आकडे यांची अर्थहीन वाटणारी लांबलचक माळ. ती थोडाच वेळ चालते आणि फक्त तुमच्या या फोनसाठी बनवलेली असते. ॲप तीच माळ तुमच्या सिमवरून एका ठरलेल्या नंबरवर एसएमएस करतं. तिकडे पोहोचलेल्या मेसेजमध्ये दोन गोष्टी असतात. एक, आतला सांकेतिक मजकूर, ज्यावरून हा कोणत्या फोनसाठी होता ते कळतं. दुसरी, पाठवणाऱ्याचा नंबर. हा नंबर तुम्ही टाइप केलेला नसतो, ॲपनेही लिहिलेला नसतो. तो मोबाइल कंपनी लावते, टपाल कार्यालय पाकिटावर शिक्का मारतं तसा. या दोन गोष्टी जुळल्या की सर्व्हर नोंद करतो, की हा नंबर या फोनशी आणि या ॲपशी बांधला. त्यानंतरच त्या नंबरवर कोणत्या बँकेत खातं आहे, याची विचारणा होते.

आता दोन सिमचा घोळ. आपल्याला वाटतं, सिममध्ये आपला नंबर लिहिलेला असतो, मग ॲपने तो वाचावा आणि योग्य सिम निवडावं. खरी गोष्ट अशी, की सिममध्ये असते ती कंपनीची अंतर्गत ओळख. त्या ओळखीला कोणता दहा आकडी नंबर दिलाय, हे कंपनीच्या यंत्रणेत असतं. सिममध्ये नंबर लिहून ठेवायला एक जागा असते, पण पुष्कळदा ती रिकामी असते, आणि काही सिममध्ये तिथे जुनाच नंबर राहिलेला असतो. फोनच्या सेटिंगमध्ये सिमची माहिती उघडून पाहा, नंबरच्या जागी 'अज्ञात' असं दिसलं तर नवल वाटू देऊ नका. शिवाय अँड्रॉइड 10 पासून साध्या ॲपला सिमवर छापलेला क्रमांक आणि आयएमईआय हा फोनचा ओळख क्रमांक वाचायला बंदी आहे. ती आपल्या खासगीपणासाठी घातली आणि ते योग्यच झालं. पण परिणाम असा, की ॲपला दोन खाचा दिसतात, त्यात कोणत्या कंपनीचं सिम आहे ते दिसतं, नंबर मात्र खात्रीने कळत नाही. म्हणून ते तुम्हालाच विचारतं, सिम एक की सिम दोन?

एक उदाहरण घेऊ. वाईला एक काकू खानावळ चालवतात. त्यांचं जुनं सिम पहिल्या खाचेत आहे आणि बँकेच्या पासबुकावर तोच नंबर आहे. दुसऱ्या खाचेत मुलाने आणून दिलेलं सिम आहे, इंटरनेटसाठी. दोन्ही एकाच कंपनीची. ॲपने विचारलं तेव्हा दोन्ही ओळींवर कंपनीचं नाव सारखंच. काकूंनी विचार केला, नेट दुसऱ्यावर चालतं, तर दुसरंच निवडावं. पडताळणी झटक्यात झाली आणि पुढच्याच पानावर आलं, या नंबरशी जोडलेलं खातं सापडलं नाही. काकू बँकेत गेल्या. तिथल्या माणसाने पाहून सांगितलं, तुमचा नंबर बरोबर नोंदलेला आहे, आमच्याकडे काही चूक नाही. त्याचं म्हणणं खरंच होतं. मेसेजही नीट गेला होता, फक्त दुसऱ्या नंबरचा शिक्का घेऊन गेला होता. काही ॲप तुम्ही टाइप केलेला नंबर आणि शिक्क्यावरचा नंबर ताडून नंबर जुळत नाही असं स्पष्ट सांगतात. हे ॲप त्यातलं नव्हतं.

मग काकूंनी पहिलं सिम निवडलं. आता वेगळाच निरोप आला, पडताळणी अयशस्वी. तीन वेळा केलं, तीनही वेळा तेच. कारण निराळं होतं. जुन्या सिमवर त्या फक्त फोन घेण्यापुरता स्वस्त पॅक मारत. त्यात बोलणं होतं, एसएमएस नव्हता, आणि मुख्य शिल्लक शून्य होती. नेहमीचे दर लागू, ही ओळ आपण वाचत नाही, पण ती पोकळ नसते. हा मेसेज इंटरनेटवरून जात नाही, वाय-फायचा त्याला उपयोग नाही. तो त्या सिमच्या पैशांतून जातो, आणि प्रत्येक नवा प्रयत्न म्हणजे नवा मेसेज.

म्हणजे एकाच फोनवर दोन पूर्ण वेगळे दोष. एकात मेसेज गेला, पण भलत्या सिमवरून. दुसऱ्यात तो निघालाच नाही. हे ओळखायचं कसं, तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये मेसेजचं ॲप उघडायचं. पैशांच्या ॲपने पाठवलेला एसएमएस तिथे पाठवलेल्यांत दिसतो, अनोळखी नंबर आणि खाली ती अक्षरांची माळ. पाठवला नाही अशी खूण दिसली, तर दोष पॅकमध्ये, शिल्लकीत किंवा रेंजमध्ये. मेसेज गेलेला दिसला, तर तो कोणत्या सिमवरून गेला ते त्याच्या तपशिलात पाहा. तिथे काहीच नसेल, तर ॲपला एसएमएस पाठवायची किंवा फोन वापरायची परवानगी मिळालेली नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये नेहमीच्या परवान्यांखेरीज त्यांची स्वतःची वेगळी परवानगी असते, ती सेटिंगमध्ये ॲपच्या नावाखाली सापडते.

मी सगळ्यांना एकच साधी चाचणी सांगतो. बँकेत नोंदलेलं सिम निवडून घरातल्या कुणाला तरी हाताने साधा एसएमएस पाठवा, व्हॉट्सॲप नव्हे. तो पोहोचला का आणि त्यांच्या फोनवर कोणत्या नंबरवरून आला, एवढं विचारा. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एका मेसेजमध्ये मिळतं. काकूंचा तो मेसेज पोहोचलाच नाही. एसएमएस असलेला पॅक मारल्यावर पोहोचला, आणि मग ॲपचंही काम झालं.

आणखी एक अडचण सेटिंगमधली. सिम कार्डच्या पानावर एसएमएससाठी कोणतं सिम वापरायचं, हे ठरवायची सोय असते. तिथे दरवेळी विचारा असं ठेवलं असेल, तर काही फोनमध्ये ॲपचा मेसेज तुमच्या उत्तराची वाट पाहत तसाच अडून राहतो आणि तेवढ्यात वेळ संपते. पडताळणीपुरतं तिथे बँकेचं सिम ठरवून टाका. आणि एका सिमवर बोलणं चालू असताना हे करू नका, कारण बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये तेवढ्या वेळात दुसरं सिम गप्प असतं. इतकं करूनही जमेना, तर नको ते सिम सेटिंगमधून थोडा वेळ बंद करा. मग ॲपसमोर निवड उरतच नाही.

आयफोनवाल्यांचं थोडं वेगळं. तिथे ॲपला परस्पर एसएमएस पाठवता येत नाही. मजकूर भरलेली मेसेजची चौकट उघडते आणि पाठवायचं बटण तुम्ही दाबायचं असतं. ते दाबण्याआधी वर कोणती लाइन निवडली आहे, ते पाहा. आणि त्या मजकुरातलं एक अक्षरही बदलू नका.

सिम हरवलं म्हणून किंवा खराब झालं म्हणून त्याच नंबरचं नवं सिम घेतलं असेल, तर पहिले 24 तास ही पडताळणी होणारच नाही. नव्या सिमवर तेवढा काळ येणारे आणि जाणारे एसएमएस बंद ठेवायचे, असा दूरसंचार विभागाचा नियम आहे. कुणी तुमच्या नावावर चोरून सिम काढलं, तर तुम्हाला सावध व्हायला तो वेळ मिळावा म्हणून. फोनला दोष देण्यात आणि दुकानात खेटे घालण्यात अर्थ नाही, दुसऱ्या दिवशी करा.

आता या मेसेजची एक काळी बाजू. मघाशी म्हटलं, की शिक्का तुमच्या सिमचा लागतो आणि आतला मजकूर ठरवतो की कोणता फोन बांधायचा. भामट्यांनी नेमकी हीच जागा हेरली आहे. भामटा स्वतःच्या फोनवर ॲप उघडतो, त्याच्या फोनसाठी बनलेली अक्षरांची माळ मिळवतो आणि तुम्हाला पाठवून म्हणतो, परतावा मिळण्यासाठी हा मेसेज अमुक नंबरवर पाठवा. तुम्ही पाठवलात, की नंबर तुमचा आणि फोन त्याचा, अशी गाठ बसते. ओटीपी सांगितला नाही, लिंक उघडली नाही, तरीही. यूपीआय पिन नव्याने लावायला त्याला अजून डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि बँकेचा ओटीपी लागेल, किंवा आधारचा मार्ग धरला तर त्याचा ओटीपी. त्यामुळे पैसे लगेच जात नाहीत. पण मग कार्ड तपासायचंय असं म्हणत पुढचा फोन येतो, तो याचसाठी.

असा मेसेज हातून गेलाच असेल, तर आपल्या फोनवर तेच ॲप पुन्हा पडताळून घेतलं, की त्या ॲपमधली त्याची गाठ सुटते. मात्र त्याने दुसरं ॲप वापरलं असेल, तर तिथली गाठ तशीच राहते. म्हणून बँकेला कळवून त्या नंबरवरचं यूपीआय बंद करायला सांगा, आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. कार्डाची माहितीही दिली गेली असेल, तर बँकेला सांगून कार्डही बंद करून घ्या. नमस्कार.