पासबुकाच्या फोटोतून हिशेबाच्या ओळी

(बचत गट आणि गृहनिर्माण संस्थांचे हिशेब ठेवणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

पासबुकाचं पान तुमच्याकडे फोटो म्हणून येतं. त्यातून तारीख, तपशील, नावे, जमा आणि शिल्लक अशा पाच रकान्यांचा तक्ता हवा असतो. फोटोतला मजकूर वाचणारी साधनं आज फुकट मिळतात, पण त्यांनी वाचलेला आकडा बरोबर आहे का, हे ती सांगू शकत नाहीत. पासबुक मात्र ते सांगू शकतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी शिल्लक छापलेली असते, म्हणजे बेरीज-वजाबाकीचं उत्तर आधीच आपल्या हातात असतं. माझ्या मते या कामात खरी मेहनत वाचण्यावर नाही, या पडताळणीवर घ्यायला हवी.

आधी फोटोबद्दल थोडंसं. पासबुक शिवणीपाशी फुगतं आणि तिथल्या ओळी वाकतात, म्हणून ते टेबलावर दाबून सपाट करा. मोबाइल बरोबर वरून धरा, फ्लॅश बंद ठेवा आणि खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. छापलेल्या अंकाची उंची फोटोत निदान पंचवीस-तीस पिक्सेल असावी. अक्षरछपाई डॉट मॅट्रिक्सची असते, म्हणजे अंक ठिपक्यांनी बनलेला असतो. उंची कमी पडली, तर 8 मधले ठिपके तुटून त्याचा 3 होतो आणि 6 चा 5. फोटोतला खातेक्रमांक आणि नावाचा भाग आधी कापून टाका, आणि वाचन शक्यतो आपल्याच संगणकावर करा. टेसरॅक्ट हे फोटोतला मजकूर वाचणारं फुकट साधन त्यासाठी पुरतं:

```
tesseract paan.png paan -l eng --psm 6 tsv
```

इथे `--psm 6` म्हणजे पानाला मजकुराचा एकच सलग ठोकळा मान. शेवटच्या `tsv` मुळे प्रत्येक शब्दासोबत त्याची पानावरची जागा मिळते, आणि आपल्याला तीच हवी आहे. नुसता मजकूर घेतला तर 2,000.00 हा आकडा नावेच्या रकान्यात होता की जमेच्या, हे कळायला मार्ग उरत नाही, कारण त्यांतला एक रकाना नेहमी रिकामा असतो.

इथे एक बारकावा. शब्दाची डावी कड पाहून रकाना ठरवू नका. पासबुकात रकमा उजवीकडे जुळवून छापतात, त्यामुळे 450.00 आणि 12,500.00 यांची डावी कड वेगळी येते, पण उजवी कड जवळपास एकच असते. म्हणून `tsv` मधल्या `left` आणि `width` या रकान्यांची बेरीज करा. नावेच्या रकमा एका उभ्या रेषेला टेकतील, जमेच्या दुसऱ्या आणि शिल्लक तिसऱ्या. फोटो तिरका असेल तर ही रेषाच वरून खाली सरकत जाते, तेव्हा आधी पानाचे चार कोपरे धरून तो सरळ करून घ्या.

तपशील कधी दोन ओळींत मोडतो. ज्या ओळीत तारीखही नाही आणि शिल्लकही नाही, ती वरच्या नोंदीचीच उरलेली ओळ समजून तिला जोडा.

आता पडताळणी. तक्त्यात A ते E असे पाच रकाने आहेत आणि दुसऱ्या ओळीत मागील शिल्लक आहे. तिसऱ्या ओळीपासून F मध्ये हे सूत्र भरा:

```
=ROUND(E3-(E2-C3+D3),2)
```

म्हणजे छापलेली शिल्लक वजा अपेक्षित शिल्लक. उत्तर शून्य यायला हवं. `ROUND` काढू नका, नाहीतर पैशांच्या अंशात नसलेला फरक दिसू लागतो. रिकाम्या खणात चुकून जागा टाइप झाली असेल तर `#VALUE!` येतं. तो खण पुसला की झालं. ओव्हरड्राफ्टच्या खात्यात शिल्लक नावे असेल, तर ती उणे चिन्ह लावून भरा.

एक पान घेऊ. मागील शिल्लक 18,742.50. 5 एप्रिलला एटीएममधून 3,000 काढले, शिल्लक 15,742.50. 8 तारखेला एनईएफटीने 12,500 जमा, शिल्लक 28,242.50. 11 तारखेला वीजबिल 1,385, वाचलेली शिल्लक 26,357.50. सूत्र इथे उणे 500 दाखवतं. 14 तारखेला चेकने 6,000 गेले, वाचलेली शिल्लक 20,857.50, आणि सूत्र अधिक 500 दाखवतं. लागोपाठ दोन ओळींत तोच फरक उलट चिन्हाने आला की पहिल्या ओळीतली शिल्लक चुकीची वाचली गेली आहे. एकच शिल्लक दोन हिशेबांत वापरली जाते, म्हणून ती दोनदा ओरडते. फोटो मोठा करून पाहिलं तर तिथे 26,857.50 आहे, 8 चा 3 झाला होता.

पुढे 18 तारखेला रोख भरणा 2,000, शिल्लक 22,857.50. फरक अधिक 4,000. रकमेच्या बरोबर दुप्पट. म्हणजे आकडा बरोबर आहे, पण जमेऐवजी नावेच्या रकान्यात पडला आहे.

25 तारखेला एसएमएस शुल्क 17.70, शिल्लक 22,389.80. फरक उणे 450, आणि पुढची ओळ मात्र शून्य दाखवते. इथे घाई करू नका. 450 ला 9 ने भाग जातो आणि अपेक्षित 22,839.80 मधले 8 आणि 3 उलटे केले की छापलेला आकडा मिळतो, त्यामुळे अंक अदलाबदल झाल्यासारखं वाटतं. पण शिल्लक चुकली असती तर पुढची ओळही बिघडली असती. शिवाय अंकांची अदलाबदल हाताने टाइप करणाऱ्याकडून होते, यंत्राकडून क्वचित. उरतात दोन शक्यता: त्या ओळीतली रक्कम चुकीची वाचली, किंवा मधली एक ओळ गळाली. 17.70 फोटोत स्वच्छ दिसतं. मग वर पाहिलं, तर शिवणीच्या घडीत 22 एप्रिलची 450 रुपयांची यूपीआय नोंद पुसट उमटलेली सापडते.

अशा पुसट ओळीत रक्कम वाचता आली नाही आणि मागची-पुढची शिल्लक स्वच्छ असेल, तर वजाबाकी करून रक्कम भरता येते. मात्र एका वेगळ्या रकान्यात ‘काढलेली’ असं लिहाच. फरकातून आलेली रक्कम आणि वाचलेली रक्कम यांचा दर्जा एक नाही; तिथे दोन नोंदी दडलेल्या असू शकतात.

ही साखळी तारीख आणि तपशील तपासत नाही, त्यांच्यासाठी वेगळी नजर हवी. तारखा खाली जाताना मागे सरकू नयेत. 05-04 ही 4 मे म्हणून तर घेतली गेली नाही ना, हेही पाहा. तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकन तारीखपद्धत निवडलेली असेल तर नेमकं तेच होतं, आणि 13 पासून पुढच्या तारखा मजकूर म्हणूनच राहतात. यूपीआयचा संदर्भ क्रमांक 12 अंकी असतो, 11 मोजले तर एक गळाला आहे. आयएफएससीचं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, तिथे यंत्राने इंग्रजी ओ वाचला असेल तर डोळे मिटून बदला.

दोन प्रसंगी मात्र फोटोशी झगडू नये. छपाई एका ओळीवर दुसरी अशी चढली असेल, तर खालचा अंक कोणत्याही यंत्राला वेगळा काढता येत नाही. आणि पासबुक बरेच महिने भरून घेतलं नसेल, तर काही बँका मधल्या सगळ्या व्यवहारांची एकत्रित बेरीज एक-दोन ओळींत छापतात. तिथे साखळी शून्य दाखवेल, तक्ता बरोबर दिसेल, पण मूळ नोंदी पानावर नाहीतच. त्या तेवढ्या कालावधीचा खातेउतारा शाखेतून मागून घ्या.