अपडेटनंतर पीडीएफ भलत्याच ठिकाणी का उघडते?

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सुरुवात पिंपळगाव बसवंतपासून करतो. तिथे माझ्या मावसभावाचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. हंगाम ऐन भरात असताना एका सकाळी त्याचा फोन आला, "दादा, पेट्यांवरची लेबलं छोटी छापली जातायत. बारकोड स्कॅनरला वाचता येईना. काल रात्री संगणकाने अपडेट घेतलं, त्यानेच बिघडवलं." गाडी भरायला उभी होती. त्यामुळे मी आधी फोनवरच सांगून लेबलं नीट छापून घेतली आणि दुपारी तिकडे गेलो.

प्रिंटर ठीक होता, लेबलाची फाइलही ठीक होती. ती उघडत मात्र होती एज ब्राउझरमध्ये. रोज ती ज्या पीडीएफ प्रोग्राममध्ये उघडायची, त्यात मूळ मापातच छापायचं हे पूर्वी ठरवून ठेवलेलं होतं. ब्राउझरच्या छपाईच्या खिडकीला त्याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. तिने पान कागदात बसवायला थोडं लहान केलं आणि बारकोडच्या रेघा एकमेकींना चिकटल्या.

"अपडेटने बिघडवलं" असं आपण सरसकट म्हणतो. पण त्या रात्री कोणतं अपडेट आलं होतं, हे पाहिल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही. ते पाहण्यासाठी विंडोजमध्ये एक फार उपयोगी आणि फारसं कोणी न उघडणारं पान आहे. विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि R एकत्र दाबायची आणि येणाऱ्या चौकटीत हे लिहायचं:

```
perfmon /rel
```

दिवसवार तक्ता उघडतो. एखाद्या तारखेवर क्लिक केलं की त्या दिवशी काय बसवलं गेलं, काय काढलं गेलं, काय बंद पडलं, ते खाली दिसतं. आमच्या तारखेला विंडोजचं एकही अपडेट नव्हतं. पीडीएफ प्रोग्रामची जुनी आवृत्ती काढली आणि नवी बसवली, एवढीच नोंद होती.

मग प्रोग्रामच्या अपडेटने निवड का पुसली? इथे थोडं आत शिरावं लागेल. पीडीएफ कशात उघडायची हे विंडोज प्रोग्रामच्या दुकानी नावाने लक्षात ठेवत नाही. प्रत्येक प्रोग्राम स्वतःची ओळख म्हणून एक आतलं नाव नोंदवतो. त्याला ProgId म्हणतात. तुमची निवड म्हणजे या आतल्या नावाकडे दाखवलेलं बोट. ते पाहायला Command Prompt मध्ये ही ओळ पुरते. ती फक्त वाचते, काही बदलत नाही:

```
reg query "HKCU\Software\Microsoft\Windows\CurrentVersion\Explorer\FileExts\.pdf\UserChoice"
```

पॅकहाउसमध्ये दोन संगणक होते. दुसऱ्यावर नवी आवृत्ती अजून आली नव्हती. तिथे जे नाव दिसलं, त्याच्या शेवटी जुन्या आवृत्तीचा आकडा होता. पहिल्या संगणकावर `MSEdgePDF` दिसलं, म्हणजे एज. आता चित्र जुळलं. नव्या आवृत्तीने आपलं आतलं नाव बदललं आणि जुनं नाव काढून टाकलं. निवडीचं बोट रिकाम्या जागेकडे राहिलं. सकाळी पहिली फाइल उघडताना विंडोजने विचारलं, "ही कशात उघडू?" कामावरच्या पोराला ती चौकट आठवत होती. यादीत सगळ्यात वर होतं ते त्याने निवडलं आणि Always दाबलं. त्याची काय चूक? गाडी दारात उभी असताना चौकट बाजूला सारण्यासाठी कोणीही तेच करेल.

तुम्ही विचाराल, नव्या आवृत्तीने स्वतःच ते बोट नव्या नावाकडे का वळवलं नाही? तिला तसं करू दिलं जात नाही. पूर्वी कोणताही प्रोग्राम बसवला की तो गुपचूप स्वतःला मुख्य करून घ्यायचा. म्हणून विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तुमच्या निवडीशेजारी एक Hash ठेवला जातो. तुमच्या खात्याची ओळख, फाइलचा प्रकार, प्रोग्रामचं आतलं नाव आणि निवड केल्याची वेळ यांतून ही खूण तयार होते. पतसंस्थेच्या पासबुकावर कारकुनाची सही असते ना, तसं समजा. कोणी नुसती रक्कम खोडून लिहिली तर सही जुळत नाही. Hash जुळला नाही की विंडोज ती निवड रद्द करतं, स्वतःची मूळ निवड बसवतं आणि कोपऱ्यात सूचना देतं की An app default was reset.

मला ही राखण योग्य वाटते. तिची किंमत अशी, की प्रामाणिक प्रोग्रामलाही स्वतःची गेलेली जागा परत घेता येत नाही, ती तुम्हालाच द्यावी लागते. आणि मूळ निवड विंडोज बनवणाऱ्याच्याच प्रोग्रामची असते, हे मला खटकतं. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आलं, तेव्हा जुन्या विंडोजवरून येणाऱ्यांची ब्राउझरची निवड बदलली जाते म्हणून फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, क्रिस बिअर्ड यांनी, मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांना जाहीर पत्र लिहिलं होतं. त्यांचा आक्षेप रास्त होता. आधी केलेली निवड टिकवायला जास्तीची खटपट करावी लागू नये.

आम्ही दुरुस्ती अशी केली. Settings मध्ये Apps, त्यात Default apps. वरच्या शोधपट्टीत `.pdf` लिहिलं, समोर एज दिसलं, त्यावर क्लिक करून रोजचा पीडीएफ प्रोग्राम निवडला. मग वरची reg query पुन्हा चालवली. आता नाव नव्या आवृत्तीचं होतं. एक लेबल छापून बारकोड स्कॅन केला आणि त्यानंतरच गड्यांना हाक मारली. दुसऱ्या संगणकावरही नवी आवृत्ती मी तेव्हाच, माझ्या देखत बसवली आणि त्याचीही निवड लगेच दुरुस्त केली. नाहीतर तोच घोळ आठवड्याने तिथेही झाला असता.

इथे एका गोष्टीने बरेचजण फसतात. विंडोज ११ मध्ये Default apps मधल्या ब्राउझरच्या पानावर वर Set default असं बटण आहे. सुरुवातीला ते नव्हतं, २०२२ मध्ये आलं. ते दाबलं की वेबचे दुवे आणि `.htm`, `.html` फाइली तुमच्या ब्राउझरकडे जातात. `.pdf` मात्र आपल्याकडे त्यात धरलेली नाही. ब्राउझर बदलला तरी पीडीएफ जुन्याच ठिकाणी उघडते ती यामुळे. ती त्याच पानावर खाली वेगळी बदलायची.

आता दुसऱ्या प्रकाराकडे येतो. यात खरोखर विंडोजच बदलतं. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं ते डागडुजीचं अपडेट. त्याखेरीज आवृत्ती बदलणारं मोठं अपडेट असतं. त्यात काही वेळा जुन्या घराशेजारी नवं घर बांधून सामान हलवल्यासारखं काम होतं. जुनं विंडोज `Windows.old` नावाच्या फोल्डरमध्ये जातं आणि तुमच्या सेटिंग्ज एकेक करून नव्यात आणल्या जातात. जुन्या खोलीसारखी खोली नव्यात असेल तर सामान नीट लागतं. पण एका जुन्या बटणाची नव्यात दोन बटणं झाली, तर दुसऱ्याचं उत्तर तुम्ही कधी दिलेलंच नसतं. ते बनवणारा ठरवतो. खासगीपणाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण तिथे काही बिघडल्याचं दिसत नाही. लेबल लहान छापलं तर स्कॅनर ओरडतो. माहिती जास्त जायला लागली तर कोणीच ओरडत नाही.

अँड्रॉइडमध्ये याचं सरळ उदाहरण आहे. अँड्रॉइड १० च्या आधी ॲपला ठिकाण कळू द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. १० मध्ये त्याचे दोन झाले. ॲप वापरत असताना कळू द्यायचं, की ते मागे पडलेलं असतानाही? जुन्या पद्धतीने लिहिलेल्या आणि आधी होकार मिळालेल्या ॲपना फोन नव्या आवृत्तीवर गेल्यावर दोन्ही होकार मिळाले. फसवणूक नव्हती ती. ॲप बंद पडू नये म्हणून तसं केलं होतं. पण मागे पडलेल्या ॲपला ठिकाण द्यायचं, हा होकार तुम्ही कधी वेगळा दिला नव्हता.

आणि काही वेळा निव्वळ चूक असते. आयफोनमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये आयओएस १४ आल्यावर पहिल्यांदाच ब्राउझर आणि ईमेलचं ॲप निवडता येऊ लागलं. पण फोन बंद करून चालू केला की निवड परत ॲपलच्या ॲपकडे जायची. आठ दिवसांत १४.०.१ मध्ये ते दुरुस्त झालं. अशा वेळी निवड पुन्हा पुन्हा करून उपयोग नसतो. फोन बंद-चालू केल्यावर तीच निवड लगेच पुन्हा उडाली तर दोष आपल्या हातात नाही हे समजावं आणि पुढचं अपडेट घ्यावं.

आवृत्ती बदलल्यावर संगणकावर पाहायचं काय? विंडोजची कळ आणि R दाबून येणाऱ्या त्याच चौकटीत `winver` लिहिलं की आवृत्ती कळते. ती बदलली असेल तर एक संथ संध्याकाळ काढा. पहिल्यांदा सुरू करताना निळसर पानावर विंडोज सेटिंग पूर्ण करायला सांगतं. तिथे घाईने Continue दाबू नका. पुढे एके ठिकाणी शिफारस केलेल्या ब्राउझर सेटिंग्ज घ्या असं सांगितलं जातं आणि होकार दिलात तर ब्राउझर बदलतो. हा मात्र अपडेटने केलेला बदल नाही, तुमच्या बोटाने झालेला आहे. म्हणून नंतर कारण शोधताना सापडत नाही.

मग Settings मध्ये Privacy & security. Diagnostics & feedback मध्ये Send optional diagnostic data बंद आहे का पाहा. याच्या खालची अत्यावश्यक माहिती घरगुती विंडोजमध्ये बंद करता येत नाही, त्यामुळे ते बटण शोधत बसू नका. त्यानंतर Location, Camera आणि Microphone. प्रत्येकाच्या पानावर ॲपची यादी आहे. यादीत नवीन नाव दिसलं तर तिथे थांबा. बटणं करड्या रंगाची असतील आणि सेटिंग संस्थेकडून सांभाळल्या जातात असं वर लिहिलं असेल, तर कार्यालयाचा संगणक पाहणाऱ्याला विचारा.

फोनवर Settings, Apps, Default apps इथे ब्राउझर, फोन आणि मेसेजची निवड दिसते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये शब्द थोडे वेगळे असतात. अँड्रॉइड १२ पासून Privacy dashboard आहे. गेल्या चोवीस तासांत ठिकाण, कॅमेरा आणि माइक कोणत्या ॲपने कधी वापरला ते तिथे वेळेसह दिसतं. म्हणून अपडेटच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते उघडा, लगेच नको. उलटंही घडतं. अँड्रॉइड ११ पासून काही महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या फोन स्वतःच काढून घेतो. अशा एखाद्या ॲपने अचानक पुन्हा परवानगी मागितली, तर तिथे अपडेटचा काही संबंध नसतो.

आणि हे सगळं ओळखायचं कशावरून? आधी काय होतं ते माहीत असेल तरच. मावसभावाने आता Default apps आणि खासगीपणाच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून संगणकाशेजारच्या फळीवर छापून लावलेत, वर तारीख घालून. मोठं अपडेट आलं की तो पोरगाच ते फोटो घेऊन बसतो आणि पान पानाशी ताडून पाहतो. मागच्या वेळी त्याला दोन फरक सापडले. एक होता माइकच्या यादीत आलेलं नवं ॲप. दुसरा होता पुन्हा चालू झालेलं जाहिरातींसाठीच्या ओळखक्रमांकाचं बटण.