‘सापडले नाही’ हेही उत्तर आहे : भाडेकरारातून माहिती काढताना

(करारांची छाननी आणि नोंद करणाऱ्या मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

एखाद्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पुण्या-मुंबईत दोनशे-तीनशे फ्लॅट भाड्याने घेतलेले असतात. प्रत्येकाचा लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो आणि ते सगळे करार वाचून एका तक्त्यात आणायचे असतात. मुदत कधी संपते, अनामत किती, लॉक-इन किती, नोटिस किती, अनामत परत कधी, असे रकाने आखलेले असतात. काम माणसं करोत की भाषेच्या मॉडेलवर चालणारं सॉफ्टवेअर, एका जागी दोघांचाही हात सारखाच घसरतो. रकाना समोर आहे आणि करारात उत्तर नाही, अशा वेळी ‘बहुतेक एक महिनाच असेल’ असं म्हणून एक महिना भरला जातो. आज मला बोलायचंय ते एवढ्या एका क्षणाबद्दल.

हा अंदाज इतका घातक का, तर तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. बऱ्याच भाडेकरारांत नोटिस एक महिन्याचीच असते. म्हणून भरणाऱ्याला शंका येत नाही, तपासणाऱ्याला येत नाही, आणि तक्त्यात खरी नोंद व अंदाज अगदी शेजारी, एकाच अक्षरात, एकाच विश्वासाने बसतात. नंतर त्यांतली कुठली कोणती हे सांगायला कुणाकडेच काही उरत नाही.

महाराष्ट्रात तर याला कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधल्या कलम 24 नुसार राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लेखी लायसन्स करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर लायसन्सीकडून लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. म्हणजे ‘मुदत कधी संपते’ या रकान्यातल्या चुकीला थेट किंमत आहे. आणि निर्णायक काय आहे? करारात लिहिलेलं. तुमच्या तक्त्यात लिहिलेलं नव्हे.

आता एक करार घेऊ. उदाहरणासाठी रचलेला आहे, पण यातलं प्रत्येक कलम तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असेल. फ्लॅट राहण्यासाठी, शुल्क दरमहा 28,000 रुपये. कलम 2 म्हणतं : ‘हा करार दि. 1 एप्रिल 2023 पासून 33 महिन्यांसाठी राहील.’ शेवटची तारीख कुठेच लिहिलेली नाही. ती तुम्ही मोजता : 31 डिसेंबर 2025. हा अंदाज नाही, गणित आहे, आणि भरायलाच हवं. फक्त शेजारी ‘काढलेली’ अशी खूण हवी आणि ती कलम 2 वरून काढली हेही लिहायला हवं. उद्या सुरुवातीची तारीख बदलणारा पुरवणी करार हाती आला, तर कुठली तारीख नव्याने मोजायची हे त्या खुणेवरून कळतं.

लॉक-इन बारा महिने, हे कलम 9 मध्ये स्पष्ट आहे. पण पुढचं वाक्य बघा : ‘सदर कालावधीनंतर कोणत्याही पक्षास एक महिन्याची लेखी सूचना देऊन करार संपुष्टात आणता येईल.’ यातलं ‘कालावधीनंतर’ कशाला लागतं? करार संपवण्याला, की सूचना देण्याला? पहिला अर्थ घेतला तर 29 फेब्रुवारी 2024 ला नोटिस देऊन 31 मार्चला बाहेर पडता येतं. दुसरा घेतला तर नोटिसच 1 एप्रिलला देता येते आणि फ्लॅट एप्रिलअखेरपर्यंत गळ्यात राहतो. फरक एका महिन्याच्या शुल्काचा, दुसऱ्या वर्षाची 5 टक्के वाढ धरून 29,400 रुपयांचा. इथे कुठला अर्थ योग्य हे ठरवणं नोंद करणाऱ्याचं काम नाही. दोन्ही अर्थ लिहा, वाक्य जसंच्या तसं उतरवा, ‘संदिग्ध’ अशी खूण करा आणि वकिलाकडे पाठवा.

गंमत पुढे आहे. शेवटच्या पानावर परिशिष्ट ‘अ’ म्हणून अटींचा छोटा तक्ता जोडलेला आहे आणि त्यात ‘सूचना कालावधी : 2 महिने’ असं छापलंय. जुन्या मसुद्यातून तसंच राहिलं असेल. किंवा नंतर ठरलं असेल आणि कलम 9 बदलायचं राहिलं असेल. ‘असेल’ या शब्दावर आपण नोंद करत नाही. काही करारांत ‘विसंगती आढळल्यास मूळ करारातील मजकूर ग्राह्य’ असं कलम असतं. ते सापडलं तर प्रश्न सुटतो, म्हणून आधी ते शोधायचं. या करारात ते नाही. मग नोंद अशी होते :

```json
{
  "field": "notice_period",
  "status": "ambiguous",
  "value": null,
  "readings": ["1 महिना", "2 महिने"],
  "where": ["कलम 9, पान 4", "परिशिष्ट अ, पान 7"]
}
```

`value` मध्ये `null` आहे याकडे लक्ष द्या. दोन अर्थ खाली दिलेच आहेत, तर वर त्यातल्या त्यात बरा वाटणारा एक भरून टाकू, असा मोह होतो. तो भरला की पुढचा माणूस वरचं वाचतो आणि खालचं विसरतो.

आता अनामत. रक्कम 1,00,000 रुपये, कलम 5 मध्ये स्वच्छ लिहिलेली. ती परत किती दिवसांत करायची याबद्दल मात्र करार पूर्ण गप्प आहे. रकाना तसाच रिकामा सोडला तर काय होईल? एक्सेलमध्ये कुणीतरी ‘मुदतीची तारीख अधिक परताव्याचे दिवस’ असं सूत्र मांडलेलं असतं. एक्सेल रिकामा रकाना बेरजेत शून्य धरतं. उत्तर येतं 31 डिसेंबर 2025. अगदी पटण्यासारखी तारीख! हिशेब विभाग त्या दिवशी लाख रुपये जमा होतील म्हणून बसून राहतो, आणि करारात तसं अक्षरही नसतं. त्याच रकान्यात ‘सापडले नाही’ हे शब्द असते, तर त्याच सूत्राने `#VALUE!` दाखवलं असतं आणि माणूस थांबला असता. मला ती चूक दिसणं हवंच आहे. म्हणून माझा आग्रह असा की रिकामं सोडणं आणि ‘सापडले नाही’ लिहिणं यांना कधीही एक समजू नका. रिकामा रकाना म्हणजे कुणी पाहिलं की नाही तेच माहीत नाही. ‘सापडले नाही’ म्हणजे पाहिलं, आणि नव्हतं.

इथे जाणकार माणसाची एक वेगळी चूक होते, तिच्यावर थोडं थांबतो. ज्याला कायदा येतो तो म्हणतो, करार गप्प असला तर कायदा बोलतो. खरं आहे. समजा नोटिसचं कलमच नाही. त्याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मधलं कलम 106 आठवतं आणि तो ‘15 दिवस’ भरून मोकळा होतो. पण कलम 106 लीजसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्स हे लीज नव्हे. लायसन्स भारतीय सुविधाधिकार अधिनियमाखाली येतं आणि तिथलं कलम 63 लायसन्स रद्द झाल्यावर जागा सोडायला वाजवी वेळ देतं, ठरावीक दिवसांचा आकडा देत नाही. म्हणजे कायद्याच्या ज्ञानातून आलेला अंदाजसुद्धा चुकला. आणि समजा बरोबर असता, तरी तो ‘करारातील अट’ या रकान्यात बसायला नको होता. कायद्याने काय लागू होतं यासाठी वेगळा रकाना करा, तो वकिलाने भरावा. करार काय म्हणतो आणि कायदा काय म्हणतो हे एकत्र केलं, की करारात नसलेली अट करारात होती असं दिसू लागतं.

‘सापडले नाही’ या खुणेलाही मर्यादा आहे. ती तुमच्या शोधाबद्दल बोलते, कराराबद्दल नाही. कलम 7 म्हणतं, ‘फर्निचर व उपकरणे परिशिष्ट ब मध्ये नमूद केल्याप्रमाणे,’ आणि फाईलमध्ये परिशिष्ट ब स्कॅनच केलेलं नाही. इथे ‘सापडले नाही’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की यादी ठरलीच नव्हती. ‘परिशिष्ट ब फाईलमध्ये नाही’ असं लिहा, म्हणजे पुढचा माणूस यादी मागवेल. शिक्क्याखाली आकडा झाकला गेला असेल तर ‘वाचता येत नाही, पान 3’. छापील मजकुरात ‘रु. ______’ अशी जागा भरायचीच राहिली असेल तर तेही जसंच्या तसं नोंदवा, कारण त्यातून एवढं नक्की कळतं की अट ठरवायचा विचार होता.

हे सगळं पाळलं जातंय की नाही हे कसं ओळखायचं? मी एकच नियम कडक ठेवतो : प्रत्येक उत्तरासोबत पान क्रमांक आणि करारातलं मूळ वाक्य. वाक्य नाही तर उत्तर नाही. सॉफ्टवेअर वापरत असाल तर दिलेलं वाक्य करारात अक्षरशः आहे का, हे साध्या शोधाने तपासता येतं. मात्र वाक्य असून भागत नाही. कधी कधी ‘नोटिस’ शब्द असलेलं भलतंच वाक्य, पत्ता बदलल्याची नोटिस द्यावी असं सांगणारं, पुरावा म्हणून जोडलेलं असतं. म्हणून ते वाक्य वाचून त्यातून उत्तर निघतं का हेही पाहावं लागतं. दुसरा उपाय मला फार आवडतो. पाच-सहा करार घ्या, त्यांतलं नोटिसचं कलम काढून टाका आणि ते गठ्ठ्यात मिसळा. परत आलेल्या तक्त्यात त्यांच्यापुढे ‘एक महिना’ दिसला, तर इतर किती उत्तरं खरोखर वाचून आली असतील, हा प्रश्न विचारावाच लागतो.

या विषयावर काम करणाऱ्यांनी हे आधीच ओळखलंय. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्युॲड या संचात 510 व्यापारी करार आहेत आणि कायदा जाणणाऱ्यांनी त्यांत 41 प्रकारची कलमं खुणावली आहेत. ज्या करारात एखादं कलम नाही, तिथे बरोबर उत्तर रिकामं आहे. तिथे काहीतरी शोधून आणणं म्हणजे चूक.

उलट बाजूही सांगायला हवी. ही मोकळीक दिली की काही जण थोडं अवघड वाक्य दिसलं की ‘सापडले नाही’ लिहून पुढे जातात. म्हणून ‘सापडले नाही’ आलेल्या नोंदींतूनही काही निवडून दुसऱ्या माणसाकडून तो करार पहिल्या पानापासून वाचून घ्यावा. शिवाय सगळी संदिग्धता सारखी नसते. आपल्याच उदाहरणात ‘दरवर्षी 5 टक्के वाढ’ आहे. मूळ शुल्कावर की वाढलेल्यावर, हे लिहिलेलं नाही. तिसऱ्या वर्षी 30,800 की 30,870, महिन्याला 70 रुपयांचा फरक. खूण करा, पण वकिलाचा वेळ आधी लॉक-इनच्या वाक्यासाठी मागा.

शेवटी या खुणांचं करायचं काय. त्यांची यादी घरमालकाकडे जाते, आणि बरेचदा तो फोनवर सांगतो, ‘दोन महिनेच ठरले होते.’ हे उत्तर उपयोगी आहे. ते कुणी, कुठल्या तारखेला सांगितलं यासह वेगळ्या रकान्यात लिहा. करारातील अटीचा रकाना मात्र पुरवणी करारावर सह्या होऊन तो हाती येईपर्यंत ‘संदिग्ध’च राहू द्या.